एक कोटी ऐंशी लाखांचा पट्टा

"माझ्या तुरीचे पैसे सरकारनं दिले! सरळ माझ्या खात्यावर! मंग हे तुम्ही कोन्या शेतकऱ्याला वाटून राह्यले? दाखवा तो शेतकरी! उभा करा इथं!"

गुरुजी खुर्चीवर चढून ओरडत होते. गुरुजी म्हणजे निवृत्त मास्तर, आमच्या कंपनीचे सभासद, आणि आवाज असा की त्यांनी बाराखडी शिकवली की शेजारच्या तालुक्यातली पोरं पास व्हायची. त्या दुपारी गोदामाचे पत्रे थरथरले. थप्पीतली दोन पोती घाबरून आपोआप उसवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कोणाला खोटं वाटलं तर वाटू द्या, पोती अजून आहेत.

गुरुजींचं बोट होतं पुढच्या भिंतीवर. तिथं पांढरी चादर ताणली होती, चादरीवर प्रोजेक्टरचा उजेड, आणि उजेडात माझी स्लाइड. एकच स्लाइड. डावीकडे पैसा कुठून आला, मधे उभी काळी दांडी म्हणजे आमची कंपनी, उजवीकडे पैसा कुठं गेला. डावीकडून दांडीत आणि दांडीतून उजवीकडे रंगीत पट्टे. ज्याची रक्कम मोठी त्याचा पट्टा रुंद, ज्याची लहान त्याचा अरुंद. शिकलेले लोक याला सँकी डायग्राम म्हणतात. आमच्या गोदामातल्या हमालांनी त्याला पाहताक्षणी 'पाट' नाव देऊन टाकलं, आणि खरं सांगतो, तेच नाव जास्त बरोबर आहे.

चादर पाच फूट उंच. त्यातले चार फुटांहून जास्त एकट्या हिरव्या पट्ट्यानं खाल्ले होते. डावीकडे 'हमीभाव खरेदी: एक कोटी ऐंशी लाख', उजवीकडे 'शेतकऱ्यांना तूर-हरभऱ्याचे पैसे: एक कोटी ऐंशी लाख'. गोदावरीला पूर आल्यासारखा तो पट्टा आमच्या दांडीत घुसत होता आणि तसाच पलीकडे निघत होता. बाकीचा सगळा संसार खाली वीतभर जागेत सुतळ्यांसारखा दाटीवाटीनं बसला होता.

"अध्यक्षबाईंनी सांगावं," गुरुजी म्हणाले, "एवढा पैसा कंपनीत आला. शेतकऱ्याला तर सरकारनं परस्पर दिला. मंग कंपनीतून शेतकऱ्याच्या नावानं जो गेला, तो गेला कोनाच्या घरात?"

आणि सभा उठली. तीनशे माणसं एका पत्र्याखाली, सप्टेंबरचं ऊन, आणि प्रत्येकाच्या तोंडात एकच शब्द: खाल्ले.

मी त्या कंपनीचा हिशेबनीस. शेतकरी उत्पादक कंपनी, केदारखेड्याच्या पुढं, पाच-सहा गावांतल्या शेतकऱ्यांनी शेअर भरून काढलेली. मी बीकॉम, आणि गावभर माझी ख्याती अशी की मी आज पाऊस पडला म्हणालो तर लोक छत्री घरी ठेवून निघतात. पण आकड्यात मी थाप मारत नाही. बाकी सगळ्यात मारतो, म्हणूनच आकड्यात मारायला वेळ उरत नाही.

अध्यक्ष होत्या मामी. सगळ्या पंचक्रोशीच्या मामी. धनगराच्या घरातल्या. सासऱ्यांच्या काळापर्यंत मेंढरं होती, आता सोयाबीन आणि तूर. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात मोबाईल, आणि बोलणं असं की बाजार समितीतला दलाल भाव सांगायच्या आधी घाम पुसायचा. त्या दिवशी मात्र त्या टेबलामागं बसून राहिल्या होत्या आणि त्यांच्या कुंकवाखालची शीर उडताना मला दिसत होती.

हे झालं कसं ते सांगतो. बँकेच्या साहेबांनी निरोप धाडला होता: कंपनीचं कर्जाचं लिमिट पुढच्या वर्षाला चालू ठेवायचं तर सभेत हिशेब मंजूर झाला पाहिजे, आणि मी स्वतः येऊन बघणार. मला चाळीस पानं नकोत. एका स्लाइडवर दाखवा, पैसा कुठून आला आणि कुठं गेला.

मी बसलो. एक वेबसाइट आहे. तिच्यात एकेक ओळ लिहायची: कुठून, मधे कंसात आकडा, पुढं कुठं. बस. पट्टे ती स्वतः काढते, रुंदी ती स्वतः मोजते. दांडीत जेवढं आलं तेवढं बाहेर गेलं नाही तर खाली लगेच लिहून येतं की जुळत नाही. म्हणून जे खर्च झालं नाही त्यालाही उजवीकडे जागा द्यावी लागते, 'शिल्लक' म्हणून. मी आमचा खरा हिशेब टाकला. खत-बियाणं विक्री चौदा लाख, हमीभाव खरेदीचं कमिशन तीन लाख, चाळणी यंत्राचं भाडं दोन, बँकेचं कर्ज दहा. एकोणतीस आले, एकोणतीस गेले. चित्र चोख.

मामींनी पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"एवढंसंच? भाऊ, आपल्या गोदामात तुरीच्या पोत्यांनी चालायला जागा नव्हती. ती तूर कुठंय यात?"

"मामी, तुरीचे पैसे आपल्याकडे येतच नाहीत. आपण वजन करतो, चाळतो, पोती भरून पाठवतो. पैसे सरकारी एजन्सी सरळ शेतकऱ्याच्या खात्यावर टाकते. आपल्याला फक्त कमिशन."

"असू द्या की. माझे सासरे मेंढरं मोजायचे तर वाघरीत बसली ती सगळी मोजायचे." वाघूर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायचं जाळं. "पाव्हण्याची असू द्या, भावाची असू द्या. रात्री राखली कोणी? आपण. मंग आपल्यात मोजायची. लोक विचारायचे केवढी मेंढरं, सासरे सांगायचे बाराशे. तवा कुठं मान मिळायचा. तूर आपण राखली का न्हाई? टाका."

आता खरं सांगायचं तर छापील ताळेबंदात ती रक्कम नव्हतीच. तो सीएनं केलेला, बिनचूक, प्रत्येकाच्या हातात दिलेला, आणि प्रत्येकजण त्यानं वारा घेत होता. स्लाइड तेवढी वेगळी. मामींना बँकेच्या साहेबांपुढं बाराशे मेंढरं उभी करायची होती. मी एक ओळ डावीकडे वाढवली, एक उजवीकडे. आलं एक कोटी ऐंशी, गेलं एक कोटी ऐंशी. वेबसाइटनं हूं की चूं केलं नाही, कारण जुळत होतं! तिला काय माहीत मेंढरं कोणाची. आणि तो हिरवा पट्टा पडद्यावर फुगला तेव्हा, देवाशपथ, मलाही छाती फुगल्यासारखं झालं.

आता त्याच पट्ट्यानं मामींचा गळा धरला होता.

"ठराव!" गुरुजी ओरडले. "अध्यक्षबाईंना पदावरून काढावं आणि एक कोटी ऐंशी लाखाच्या अपहाराची पोलिसात तक्रार द्यावी! अनुमोदन?"

शंभर हात वर गेले. मी म्हणतो शंभर, एखाद-दोन बैलांचेही असतील. मामींनी टेबलाची कड धरली. त्यांचा मुलगा मंठ्याकडं एका शाळेत शिपाई लागलेला, सुनेचं बाळंतपण तोंडावर, आणि इथं सासू चोर ठरायला चाललेली. गावात एकदा चोर म्हटलं की पुढं कोर्टानं निर्दोष सोडलं तरी लोक म्हणतात, पैसे चारले असतील.

बँकेचे साहेब पहिल्या रांगेत पाय जुळवून बसले होते. त्यांनी फाइल मिटली. ती मिटलेली फाइल मला गुरुजींच्या ओरडण्यापेक्षा मोठ्यानं ऐकू आली.

"थांबा!" मी माईक धरला. "तो पट्टा चुकीचा आहे. मी काढतो."

माणसानं आयुष्यात काय बोलू नये याची यादी केली तर हे वाक्य पहिलं येईल. चोरीचा आरोप चालू असताना, ज्या पैशावरून आरोप आहे तोच मी तीनशे लोकांसमोर काढतो म्हणालो. पुढच्या रांगेतले उठून उभे राहिले.

स्लाइडवर ते नुसतं चित्र चिकटवलेलं होतं. चित्रातला पट्टा ओढून निघत नाही. मी वेबसाइट उघडली. मोबाईलच्या नेटवर ते चाक फिरायला लागलं. गोदामात रेंज अशी की एखादा फोन आला तर आम्ही हार घालतो. चाक फिरतंय, लोक सरकतायत, गुरुजी खुर्चीवरून उतरून माझ्या टेबलापर्यंत आले. एकदाचं पान उघडलं. घाईत मी डावीकडची ओळ पुसली. नुसती डावीकडची!

पडद्यावर डावीकडचा हिरवा पूर एका क्षणात नाहीसा झाला. उजवीकडचा मात्र तसाच. आता चित्र असं की कंपनीत एकोणतीस लाख येतायत आणि दोन कोटी नऊ लाख बाहेर जातायत. खाली वेबसाइटनं लिहून दिलं: जुळत नाही, फरक एक कोटी ऐंशी लाख.

"बघा! बघा! डोळ्यांदेखत गायब केले!"

"अहो, मशीन पन बोलून राह्यली, फरक हाय म्हून!"

"वायर काढा! पुरावा मिटवून राह्यला त्यो!"

एकजण खरंच प्रोजेक्टरच्या वायरीकडं धावला. हमालांच्या मुकादमानं त्याला कमरेला धरून अलगद पोत्यांवर नेऊन बसवलं. माझी बोटं कीबोर्डवर अशी नाचत होती की संबळवाल्यानं मला कामाला ठेवलं असतं. उजवीकडची ओळ मी पुसली नाही. आत्ता पुसली असती तर जिवंत घरी गेलो नसतो. मी नवीन ओळ लिहिली: सरकारी एजन्सी, कंसात एक कोटी ऐंशी लाख, पुढं शेतकऱ्यांची बँक खाती. मग जुनी पुसली.

हिरवा पट्टा परत आला. पण आता तो दांडीला शिवत नव्हता. वरच्या बाजूनं सरळ, एजन्सीकडून शेतकऱ्याकडे, आमच्या कंपनीच्या डोक्यावरून निघून जात होता. खाली आमची दांडी आता वीतभर उरली.

मी माईक गुरुजींच्या तोंडासमोर धरला.

"गुरुजी, तुम्हीच सांगा. तुमचे पैसे कुठून आले?"

"सांगितलं की! सरकारकडून. सरळ खात्यावर."

"मधे कंपनी होती?"

"न्हाई."

"मग हा पट्टा बघा. तुम्ही सांगितला तसाच आहे का?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हा बराबर हाय. पन मंग आधीचा का काढला तसा?"

"मी सांगते." मामी उठल्या. "ते मी काढायला लावलं. आपल्या गोदामातून गेलं, आपल्या काट्यावर मोजलं, म्हून मी आपल्यात धरलं. पैसा आपल्याकडं कवाच आला न्हाई. साहेब, तुम्ही सांगा. कंपनीचं खातं तुमच्याच बँकेत हाय."

सगळ्यांच्या माना साहेबांकडं वळल्या. साहेब हा असा माणूस की त्याला वेळ विचारली तर आधी अर्ज मागेल. त्यांनी फाइल परत उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"एवढी रक्कम या खात्यात आलेली नाही," ते म्हणाले. "आणि म्हणून गेलेलीही नाही. जमा एकोणतीस लाख. छापील ताळेबंदातही तेच आहे, पान दोन."

तीनशे ताळेबंद वारा घालायचे थांबले आणि पहिल्यांदाच उघडले गेले.

इथं मी थांबायला हवं होतं. अनुमोदन देणाऱ्यांचे हात खाली येत होते. पण पडद्यावर आमची कंपनी त्या हिरव्या पट्ट्याखाली एवढीशी दिसत होती, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "ते बारीक बारीक काय हाय? दिसंना गेलंय." मला वाटलं, आता लपवाछपवीचा संशयच नको. मी हिरवी ओळ पूर्ण पुसून टाकली.

आणि बाकीचे सगळे पट्टे फुगले.

वेबसाइट कागदाची उंची सोडत नाही. जेवढं उरलं तेवढ्यात ती पूर्ण चादर भरते. दोन कोटी नऊ लाखांत जो पट्टा दोन बोटांचा होता, तो एकोणतीस लाखांत हातभर झाला. सुतळीसारखा 'प्रवास व सभा' आता मनगटाएवढा. हमाली आणि टेम्पो मांडीएवढा. आणि खालून दुसरा, शिलकेच्या बरोबर वर, लालभडक, जवळजवळ फूटभर: 'पगार'. तो मी मुद्दाम खाली ठेवला होता. पुढच्या रांगेतल्या फेट्यांआड जाईल असा माझा हिशेब. पण पुढची रांग मघाच उठून बाजूला झालेली.

गुरुजी चादरीजवळ गेले. खांद्यावरचं उपरणं काढलं. डावीकडे 'बँकेचं कर्ज' होतं, पिवळं. त्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत उपरणं धरलं, चिमटीत माप घेतलं, आणि ते माप तसंच उजवीकडे नेऊन खालच्या कडेपासून वर लावलं. शिल्लक झाकली गेली. पगार पूर्ण झाकला गेला. व्याजही झाकलं गेलं.

"कर्ज नसतं तर," गुरुजी आता ओरडत नव्हते, आणि ते जास्त भीतीदायक होतं, "हे एवढं सगळं नसतं. शिल्लक तीन लाख हाय म्हंता, ती बँकेचीच. वरचे सात लाख खाऊन बसलो आपन."

मी म्हणालो, "गुरुजी, एकदा पैसा दांडीत मिसळला की कुठला रुपया कुठं गेला हे चित्र सांगत नाही. कर्जातूनच पगार झाला असं म्हणता येणार नाही."

"मंग तुमच्या पगाराच्या ऐवजी हमालीवर लावतो उपरनं. माप बदलतंय का?"

माप बदलत नव्हतं. कमाई एकोणीस, खर्च सव्वीस. उपरणं कुठंही लावा, सात लाख उघडेच.

मला वाटलं होतं, चोरी नाही म्हटल्यावर लोक टाळ्या वाजवतील. कोणी वाजवल्या नाहीत. चोर सापडला असता तर सगळे मोकळे झाले असते: धरा, हाकला, घरी जा. इथं चोर नव्हता. मागच्या रांगेतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "म्हंजे कंपनी आपली गरीबच हाय की रं," आणि बसला. बऱ्याच जणांनी आपापल्या चपलांकडं पाहिलं.

साहेबांनी मात्र पेन काढलं. "हे चित्र मला पाहिजे," ते म्हणाले. "हिरव्या पट्ट्याशिवायचं."

मामींनी माईक मागितला नाही. त्यांना लागत नाही.

"गुरुजी, तुमचा ठराव हाय तसा मांडा. चोर म्हून काढायचं तर हात वर करा. मी पोलिसात स्वतः चालत जाईन."

एकही हात वर गेला नाही. गुरुजींनी उपरणं परत खांद्यावर टाकलं.

"आता माझा ठराव. सव्वीसचा खर्चा एकोणीसमधी बसवायचा. पुढल्या सभेला हेच चित्र, हीच चादर. कर्जाचा पट्टा उजवीकडं फक्त शिलकेत आन गोदामातल्या खत-बियाण्याच्या मालात दिसला पाहिजे. न्हाई दिसला तर मी आपण होऊन उतरते, तुम्हाला ओरडायची गरज न्हाई. मंजूर?"

आधी गुरुजींचा हात वर गेला. मग मुकादमाचा. मग एकेक करून असे हात वर आले की मला खालून छत दिसेना. साहेबांनी फाइलीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "हिशेब मंजूर झाल्याची नोंद घेतो. लिमिटचं वरच्या ऑफिसला कळवतो." चहा न घेताच गेले. जाताना त्यांनी पगाराच्या पट्ट्याकडं एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडं, असं मला वाटलं.

गोदाम रिकामं झालं. हमाल सतरंज्या गुंडाळत होते. मामी खुर्चीवर उभ्या राहून चादरीच्या सुतळ्या सोडत होत्या, मी दुसरं टोक धरलेलं. माझ्या अंगातली वीरश्री अजून उतरली नव्हती. मी मनातल्या मनात ही गोष्ट अंबडपर्यंत पोचवली होती, तिथं ती सांगताना प्रोजेक्टरला आग लागणार होती आणि मी ती हातानं विझवणार होतो.

"मामी," मी म्हणालो, "अब्रू वाचवली की नाही तुमची? एका स्लाइडवर!"

मामींनी चादरीची घडी घातली, घडीवर घडी घातली, आणि ती माझ्या हातात दिली.

"वाचवली. पुढल्या महिन्यापासून तुमचा पगार निम्मा."